दरवाढीचं पत्र नव्याने लिहिलं: पूर्ण सीझन वापरल्यानंतरचा अनुभव

म्हापशातल्या एका लॉन्ड्रीचे हिशेब मी सांभाळते. आमचं घरगुती गिऱ्हाईक थोडं. खरा धंदा मोरजी, मांद्रे, हरमल, अंजुणा भागातल्या गेस्टहाऊसच्या चादरी-टॉवेलांचा. 2025-26च्या सीझनसाठी दर वाढवायचे होते आणि बिलाची पद्धतही बदलायची होती. शेटनी व्हॉट्सॲपसाठी लिहिलेला मसुदा मी बाजूला ठेवून पत्र नव्याने लिहिलं. ते पत्र, त्याखालचे तक्ते आणि त्यातली वाक्यं सीझनभर वापरून झाली आहेत. आपलाही असाच महिन्याच्या बिलांवर चालणारा धंदा असेल, तर काय टिकलं आणि काय टिकलं नाही हे उपयोगी पडेल.

मूळ मसुदा असा होता: "वाढती महागाई लक्षात घेता नाइलाजाने दर 1 ऑक्टोबरपासून 14 ते 17 टक्क्यांनी वाढविण्यात येत आहेत. तसेच बिल दर पंधरवड्याला देण्यात येईल व ते 10 दिवसांत भरणे बंधनकारक राहील. विलंब झाल्यास व्याज आकारले जाईल. गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत." अशी पत्रं आपण सगळ्यांनी वाचलेली आहेत. ती तुटक वाटतात याचा दोष आपण भाषेला देतो. मला मात्र कामाला बसल्यावर दिसलं की भाषा शेवटची गोष्ट आहे. वाचणाऱ्याला स्वतःचं बिल किती होणार हेच यातून कळत नाही, आणि दोन वेगळे धक्के एकाच तारखेला बसतात.

आधी टक्केवारी. डबल बेडशीट 22 रुपयांवरून 25, टॉवेल 12 वरून 14, दुलईचं कव्हर 35 वरून 40. उशीच्या अभ्ऱ्याचा दर मात्र 8 रुपयेच राहणार होता, आणि नगांमध्ये अभ्रे सगळ्यांत जास्त असतात. म्हणजे "14 ते 17 टक्के" हे वाक्य खोटं नव्हतं, पण प्रत्यक्षापेक्षा मोठं दिसत होतं. मी सहा खोल्यांच्या एका गेस्टहाऊसचं भरल्या महिन्यातलं बिल काढलं: 180 चादरी, 360 अभ्रे, 240 टॉवेल, 60 कव्हरं. जुन्या दराने 11,820 रुपये, नव्या दराने 13,140. वाढ 1,320 रुपयांची, म्हणजे साधारण 11 टक्के. लॉन्ड्रीवरचा 18 टक्के जीएसटी धरला तर 13,948चे 15,505 होतात. त्या महिन्यात त्यांच्या खोल्या एकूण 120 रात्री गेल्या होत्या, म्हणजे एका खोलीच्या एका रात्रीमागे 13 रुपये. खोलीचा भाडेदर ठरवणाऱ्या माणसाला हा आकडा लगेच कळतो. टक्केवारीचा अर्थ लावायला त्याला बसावं लागतं.

म्हणून नव्या पत्रात टक्केवारी ठेवलीच नाही. प्रत्येक गिऱ्हाइकाच्या पत्राखाली त्याच्याच मागच्या डिसेंबरच्या बिलाचा तक्ता दिला: नग, जुना दर, नवा दर, जीएसटीशिवाय बेरीज, जीएसटीसह बेरीज. हे काम किचकट आहे, पण संपूर्ण पत्रातला सगळ्यांत उपयोगी भाग हाच ठरला. फोन आले ते "एवढे का वाढवले" म्हणून कमी आणि "टॉवेल कमी केले तर किती होतील" म्हणून जास्त. गिऱ्हाईक हिशेब करायला लागलं की बोलणं तापत नाही.

दुसरी गोष्ट बिलाच्या पद्धतीची, आणि इथे मी सगळ्यांत जास्त वेळ दिला. आधी आमचं बिल महिन्याच्या शेवटी निघायचं आणि पुढच्या महिनाअखेरीपर्यंत भरलं जायचं. आता 1 आणि 16 तारखेला बिल, 10 दिवसांत पैसे. हे 1 ऑक्टोबरलाच सुरू केलं असतं तर गेस्टहाऊसवाल्याला ऑक्टोबरमध्ये सप्टेंबरचं पूर्ण बिल भरावं लागलं असतं आणि शिवाय ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्याचं बिल 26 तारखेपर्यंत. एका महिन्यात दीड महिन्याचे पैसे. दर एक रुपयाही वाढवला नसता तरी हा भार पडलाच असता. त्यात ऑक्टोबर म्हणजे रंगरंगोटी, गाद्या, नळ-वायरिंगच्या दुरुस्त्यांचा महिना. खिशातून जातं सगळं, येत काही नाही. मांद्र्याच्या एका गेस्टहाऊसच्या काकींनी मसुदा वाचून सरळ सांगितलं, "दर वाढवा बाय, पण सीझन लागायच्या आत डबल बिल नको."

मग दोन तारखा वेगळ्या केल्या. दर 1 ऑक्टोबरपासून, बिलाची नवी पद्धत 1 जानेवारीपासून. जानेवारीत नाताळ-नववर्षाचा पैसा हातात असतो. त्यातही डिसेंबरचं बिल वर्षातलं सगळ्यांत मोठं असतं, म्हणून ते 15 आणि 31 जानेवारी अशा दोन हप्त्यांत भरण्याची सोय पत्रातच लिहिली. शेट सुरुवातीला कुरकुरले, कारण आमचे पैसे तीन महिने उशिरा मोकळे होणार होते. पण जानेवारीतली वसुली सुरळीत झाली. ती ऑक्टोबरमध्ये झाली नसती, असं माझं ठाम मत आहे.

पत्र ऑगस्टच्या मध्यात, चवथीच्या आधी दिलं. गेस्टहाऊसवाले सीझनचे दर साधारण याच सुमारास ऑनलाइन साइटांवर टाकतात. एकदा डिसेंबरच्या खोल्या जुन्या भावाने विकल्या गेल्या की नंतर कळलेली दरवाढ त्यांच्या स्वतःच्या खिशातून जाते. सप्टेंबरच्या शेवटी दिलेलं पत्र कितीही गोड लिहिलं तरी उशिराचंच.

तारखेबद्दल एक बारीक पण भांडणाची जागा: 30 सप्टेंबरला उचललेले आणि 2 ऑक्टोबरला परत दिलेले कपडे कुठल्या दराने? मूळ मसुद्यात याचं उत्तर नव्हतं. आम्ही लिहिलं, "कपडे ज्या दिवशी उचलले त्या दिवसाचा दर लागेल." पिकअपच्या चिठ्ठीवर तारीख आणि सही असतेच. या एका ओळीमुळे ऑक्टोबरच्या बिलावर वाद झाला नाही.

आता जे शब्दांनी सुटलं नाही ते सांगते. मसुद्यातल्या अटींत एक वाक्य होतं: 500 रुपयांखालच्या पिकअपला 80 रुपये जादा. ते "बिलाच्या अटी" या भागात होतं. पेडणे तालुक्यात तीन खोल्यांचा होमस्टे चालवणाऱ्या एका ताईंना मी पत्र पाठवायच्या आधी वाचून दाखवलं. त्यांचा पिकअप साधारण 350 रुपयांचा, महिन्यात बारा वेळा. बिल 4,200, त्यावर 960 रुपये जादा. मोठ्या गेस्टहाऊसला 11 टक्के वाढ आणि त्यांना फक्त या एका अटीपोटी 23 टक्के. ही अट नव्हतीच, ही दरवाढ होती, आणि ती सगळ्यांत लहान गिऱ्हाइकावर पडत होती. वाक्य मऊ करून काही झालं नसतं. शेवटी व्यवस्था बदलली: लहान ठिकाणी आठवड्यात तीनऐवजी दोन पिकअप. मग प्रत्येक पिकअप 525 रुपयांचा होतो आणि जादा आकार लागतच नाही. आकार तरीही ठेवला, पण तो दरांच्या तक्त्यात, सगळ्यांना दिसेल असा. पत्र पाठवण्याआधी सगळ्यांत लहान गिऱ्हाइकाचं बिल त्यातून काढून बघा, एवढं मात्र मी सगळ्यांना आग्रहाने सांगेन.

कारणं देताना "वाढती महागाई" काढून टाकलं. त्याजागी दोन वाक्यं: पावसाळ्यात आणि दमट हवेत सगळे कपडे गॅसच्या ड्रायरवर सुकवावे लागतात, तो खर्च आणि कामगारांचा पगार वाढला आहे, अभ्ऱ्याचा वाढलेला खर्च आम्ही सोसत आहोत. पुढे: "हे दर 30 सप्टेंबर 2026 पर्यंत बदलणार नाहीत." हे शेवटचं वाक्य लिहिताना शेटशी बरीच चर्चा झाली, कारण मधे खर्च वाढला तरी हात बांधले जातात. आजपर्यंत ते पाळलं आहे. गिऱ्हाइकांनी सगळ्यांत जास्त वेळा आठवण काढली ती याच ओळीची.

अनपेक्षित परीक्षा सप्टेंबरमध्ये झाली. 22 सप्टेंबर 2025 पासून 7,500 रुपयांपर्यंतच्या खोल्यांवरचा जीएसटी 12 वरून 5 टक्क्यांवर आला, पण इनपुट क्रेडिट गेलं. म्हणजे जी नोंदणीकृत गेस्टहाऊसं आमच्या बिलावरचा 18 टक्के जीएसटी वजा करून घेत होती, त्यांना तो आता खर्च म्हणून पडू लागला. वरच्या उदाहरणात त्यांचा खरा खर्च 11,820 वरून थेट 15,505 वर गेला. 31 टक्के वाढ, आणि सगळी लॉन्ड्रीच्याच बिलावर दिसणारी. आमच्या तक्त्यात जीएसटीशिवायची आणि जीएसटीसह अशा दोन्ही बेरजा आधीपासून होत्या, म्हणून एका छोट्या चिठ्ठीत सांगता आलं: यातले 1,320 आमच्या दरवाढीचे, 2,365 क्रेडिट गेल्याचे. ज्यांची उलाढाल 20 लाखांच्या आत आहे आणि नोंदणी नाही, त्यांना आधीही क्रेडिट नव्हतं, त्यामुळे त्यांच्यासाठी फरक पडला नाही. दर "जीएसटी वेगळा" एवढंच लिहून सोडले असते तर ऑक्टोबरमध्ये आमची निम्मी गिऱ्हाइकं दुसरी लॉन्ड्री शोधत फिरली असती.

व्याजाची ओळही काढली. सूक्ष्म उद्योग म्हणून उद्यम नोंदणी असेल तर 2006च्या एमएसएमई कायद्याने लेखी करार असला तरी 45 दिवसांच्या आत आणि करार नसेल तर 15 दिवसांत पैसे मिळण्याचा हक्क आहे, उशिराला व्याजही आहे. तो हक्क पत्रात धमकीसारखा न लिहिताही जागेवरच राहतो. त्याऐवजी काय घडेल ते क्रमाने लिहिलं: आठव्या दिवशी आठवणीचा फोन, दहा दिवसांनंतर पुढचा पिकअप पैसे आल्यावर. फेब्रुवारीत एका ठिकाणी पिकअप खरंच थांबवावा लागला. मालकाने वाद घातला नाही, दुसऱ्या दिवशी यूपीआयने पैसे टाकले, कारण हे होणार हे त्याला ऑगस्टपासून ठाऊक होतं.

जिथे पत्राचा काडीचाही उपयोग झाला नाही ती ठिकाणं म्हणजे मोठी हॉटेलं. त्यांचे पैसे गोव्याबाहेरच्या अकाउंट्स विभागातून येतात आणि तिथे पत्र कुणी वाचत नाही. नव्या दराची परचेस ऑर्डर निघेपर्यंत जुन्याच दराने बिल पास होतं. एका हॉटेलचे ऑक्टोबरचे फरकाचे पैसे डिसेंबरमध्ये आले. अशांना पत्राऐवजी जुलैमध्येच दरपत्रक पाठवून नवी ऑर्डर मागायची, असं आता ठरवलं आहे.

येत्या ऑगस्टसाठीच्या पत्रात एक बदल करते आहे: जानेवारीतल्या हप्त्यांची सोय मी मागच्या पानावर दिली होती आणि ती बऱ्याच जणांनी वाचलीच नाही, म्हणून फोन करून सांगावी लागली. कुठल्या तारखेला किती रुपये भरायचे, हा तक्ता आता पहिल्या पानावर, दरांच्या लगेच खाली येईल.