10,000 सीएमएचचा म्हणून ब्लोअर घेतला, निघाला 6,400 चा

बेळगावच्या उद्यमबागेत आमचं छोटं फेटलिंगचं शेड आहे, फौंड्रीतनं आलेल्या कास्टिंगचं ग्राइंडिंग करतो. धूळ ओढायला डस्ट कलेक्टरचा ब्लोअर बदलायचा होता. डक्ट, हुड, बॅग फिल्टर सगळं धरून आमची गरज होती तासाला 8,000 क्युबिक मीटर, म्हणजे 8,000 सीएमएच, आणि तेवढी हवा ओढताना 150 मिमी पाण्याचा दाब. एका डीलरनं कोटेशन दिलं, त्यात एकाच ओळीत लिहिलेलं, "10,000 सीएमएच, 200 मिमी, 5 एचपी". मला वाटलं दोन्ही आकडे आमच्यापेक्षा जास्त, मग काय बघायचं! त्याच्या वर्कशॉपमध्ये डेमो पण बघितला, तोंड उघडं ठेवून ब्लोअर चालू केला, ॲनिमोमीटर धरला, खरंच 10,000 च्या आसपास आलं. पैसे देऊन टाकले.

बसवला आणि पहिल्या आठवड्यातच हुडच्या बाहेर धूळ दिसायला लागली. महिन्याभरात मेन डक्टचा एल्बो उघडला तर आत अर्ध्यापर्यंत काळी वाळू, मिस्त्रीनं अक्षरशः खुरप्यानं काढली. डीलर म्हणाला तुमचं डक्टिंगच चुकलंय.

माझा भाचा पॉलिटेक्निकला शिकवतो, तो पिटो ट्यूब आणि यू-ट्यूब घेऊन आला. मोजलं तर हवा 6,400 आणि दाब 96 मिमी. पहिला प्रश्न त्यानं विचारला, "मामा, ह्याचा कर्व्ह कुठं आहे?" मी म्हटलं कसला कर्व्ह. मग त्यानं पॅकिंगच्या पुठ्ठ्यावर काढून दाखवलं, ब्लोअर किती हवेला किती दाब देतो त्याचा आलेख. 200 मिमी म्हणजे तोंड पूर्ण बंद असताना, तेव्हा हवा शून्य. 10,000 म्हणजे तोंड सताड उघडं असताना, तेव्हा दाब शून्य. म्हणजे कर्व्हची दोन टोकं घेऊन डीलरनं एका ओळीत लिहिली होती, आणि तेवढ्यापुरतं बघितलं तर एकही आकडा खोटा नव्हता, हेच तर डोक्यात जातं.

आपल्या डक्टचा पण कर्व्ह असतो. हवा दुप्पट केली तर दाब चौपट लागतो. आमचा 8,000 ला 150, म्हणून 10,000 ला 234 मिमी लागणार, आणि तिथं हा ब्लोअर शून्य देतो! दोन कर्व्ह जिथं एकमेकांना कापतात तिथंच ब्लोअर चालणार, आपण काहीही म्हटलं तरी. आमचं छेदन 6,400 वर होतं. 8,000 च्या 0.8 पट, त्याचा वर्ग 0.64, म्हणजे 150 चे 96, मीटरवर तेच आलेलं, त्यामुळं आमचं डक्टिंग चुकलंय हे पण खोटं ठरलं. (बॅगवरचा दाब वर्गात वाढत नाही, साधारण सरळ वाढतो, पण एवढ्या हिशोबाला चालतं.) वाळूचं कारण पण तेच, 375 मिमीच्या डक्टमध्ये 8,000 ला वेग 20 मीटर सेकंदाला येतो, 6,400 ला 16, आमची वाळू तेवढ्यात तरंगत नाही, बसते.

आता दुसरी टोपी. तक्रार केली तर डीलर म्हणाला, "अण्णा, व्हीएफडी लावा की, स्पीड वाढवा, हवा वाढते". व्हीएफडी म्हणजे मोटरचा स्पीड कमीजास्त करणारा ड्राइव्ह. हवा वाढते हे खरं, स्पीडच्या प्रमाणात वाढते. 6,400 चे 8,000 करायला 1.25 पट, म्हणजे 50 चे 62.5 हर्ट्झ. पण दाब त्याच्या वर्गात जातो आणि पॉवर घनात, 1.25 चा घन 1.95. मोटर 50 हर्ट्झलाच 3.4 किलोवॅट घेत होती, 5 एचपी म्हणजे 3.7, आणि लागणार होते 6.6. हे मला तेव्हा कुठं माहीत! 32,000 चा ड्राइव्ह घेतला, 55 हर्ट्झवर नेलं की थोड्या वेळात ओव्हरलोडवर ट्रिप. लिमिट वाढवून चालवू म्हणणारा इलेक्ट्रिशियन पण भेटला, पण भाच्यानं अडवलं, मोटर जळली असती आणि इंपेलरवर ताण वर्गात वाढतो, म्हणजे 62.5 ला दीडपटीच्या वर, त्याचं सर्टिफिकेट कोण देणार.

शेवटी दुसरीकडनं ब्लोअर घेतला, ह्या वेळी कर्व्हचा कागद हातात घेतला, त्यावर बॅग चोकअप झाल्यावरचा आमचा पॉइंट पेन्सिलनं मारला आणि तिथली पॉवर बघून 10 एचपी मोटर ठरवली. बॅग नवीन असतात तेव्हा 46 हर्ट्झवर भागतं, तेवढ्यात पॉवर 50 च्या 78 टक्क्यांवर येते, बॅग भरत जातील तसा स्पीड वाढवतो. ह्याच्यासाठी ड्राइव्ह पण नवीन घ्यावा लागला, आधीचा 5 एचपीचा होता. जुना ब्लोअर शेडच्या मागं ताडपत्रीखाली पडलाय, डीलरला परत घे म्हटलं तर भंगाराच्या भावानं घेतो म्हणतो.