साडेआठ टक्क्यांचा रोखा की ६.६ टक्क्यांचा? एका वर्षापुरता हिशेब

माझ्या मावसभावाने गेल्या आठवड्यात फोन केला. रिझर्व्ह बँकेच्या रिटेल डायरेक्टवर त्याने खातं उघडलं होतं आणि समोर दोन सरकारी रोखे होते. एकाचं कूपन, म्हणजे दर्शनी १०० रुपयांवर मिळणारं वार्षिक व्याज, ८.५ टक्के, मुदत दहा वर्षं बाकी. दुसऱ्याचं ६.६ टक्के, मुदत तीन वर्षं बाकी. "पैसे वर्षभरच ठेवायचेत, वर्षाने विकून टाकेन. मग साडेआठवालाच घेऊ ना?"

प्रश्न सरळ वाटतो, पण वर्षभरात हातात काय येतं ते नुसतं कूपन पाहून कळत नाही. हिशेबात तीन गोष्टी येतात: मिळालेली कूपनं, पहिलं कूपन पुन्हा गुंतवल्यावर त्यावर सुटलेलं व्याज, आणि विकताना मिळालेला भाव वजा घेताना दिलेला भाव. या तिघांची बेरीज करायची आणि घेताना मोजलेल्या रकमेने भागायची. भाग १०० ने द्यायचा नाही. बहुतेक चुका तिथेच होतात.

खालचे आकडे सोयीसाठी धरलेले आहेत, गणित मात्र खरं आहे.

साडेआठवाल्याचा बाजारातला यील्ड, म्हणजे आजच्या भावाला घेऊन मुदतीपर्यंत धरला तर पडणारा वार्षिक परतावा, ७ टक्के धरू. दर सहा महिन्यांनी ४.२५ रुपये देणारा हा कागद १०० रुपयांना कोण विकेल? त्याचा भाव ११०.६६ रुपये बसतो. म्हणजे जास्तीच्या कूपनचे पैसे तुम्ही आधीच मोजलेले असतात. वर्ष सरलं आणि यील्ड ७ टक्केच राहिला, तर नऊ वर्षं उरलेल्या या रोख्याचा भाव १०९.८९ होतो. बाजार हललेला नसतानाही ७७ पैसे गेले, कारण मुदतीअखेर दर्शनी १०० रुपयेच परत मिळणार आणि भाव दरवर्षी तिकडे थोडा थोडा घसरत राहतो.

आता बेरीज. पहिलं ४.२५ चं कूपन सहा महिने ६ टक्के दराने ठेवलं तर ४.३८ होतं, त्यात दुसरं ४.२५ मिळवलं की ८.६३. त्यातून ७७ पैसे वजा जाऊन ७.८६ उरतात. ११०.६६ वर हा परतावा ७.१० टक्के. साडेआठ नव्हेच.

तीन वर्षांचा रोखा १०० ला मिळतो आणि यील्ड ६.६ टक्के. यील्ड तसाच राहिला तर भाव १०० च राहतो, आणि पुनर्गुंतवणूक धरून ६.७० टक्के मिळतात. दोघांतला फरक १.९ टक्क्यांचा दिसत होता, तो ०.४० टक्क्यावर आला.

पुनर्गुंतवणुकीचं नाव मोठं आहे, पण एका वर्षात तिचा वाटा अगदी किरकोळ. पहिलं कूपन बचत खात्यातही न ठेवता कपाटात टाकलं असतं तरी ११०.६६ रुपयांमागे तेरा पैसेच बुडाले असते, म्हणजे साधारण ०.१२ टक्का. दहा-पंधरा वर्षं धरणाऱ्याला हाच भाग जड जातो. वर्षभराच्या गुंतवणूकदाराचा निकाल विक्रीचा भाव लावतो. वर्षाअखेर यील्ड कुठे असेल त्यावर हे पाहा:

| वर्षाअखेर यील्ड | ३ वर्षं, ६.६% | १० वर्षं, ८.५% |
|---|---|---|
| १ टक्का उतरला | ८.५७% | १३.७०% |
| होता तसाच | ६.७०% | ७.१०% |
| १ टक्का चढला | ४.८८% | १.०२% |

तळच्या ओळीत तीन वर्षांचा रोखा लंगडत का होईना घरी पोचतो. दहा वर्षांच्या रोख्याचा भाव ११०.६६ वरून १०३.१६ ला येतो आणि वर्षभराची कूपनं जवळजवळ सगळी तो खड्डा भरण्यात जातात. दोघांचे यील्ड सारखेच चढले, तर फक्त ०.०९ टक्का चढणीत लांबच्या रोख्याची सगळी आघाडी संपते. एवढी हालचाल बाजारात काही दिवसांत होऊन जाते.

"पण दर उतरणारच आहेत" असं कुणी सांगितलं, तर रेपो आणि लांब मुदतीचा यील्ड हातात हात घालून चालतातच असं नाही, हे लक्षात ठेवावं. जून २०२५ मध्ये रिझर्व्ह बँकेने रेपो अर्ध्या टक्क्याने उतरवून ५.५० टक्के केला, पण त्याच वेळी धोरणाचा पवित्रा तटस्थ केला. पुढे आणखी कपात होईल ही आशा मावळली आणि दहा वर्षांचा यील्ड उतरण्याऐवजी वर सरकला. उलट टोकाला मे २०२२: बैठकीचं वेळापत्रक सोडून रेपो अचानक ४ वरून ४.४० टक्के झाला, आणि लांबचे रोखे धरून बसलेल्यांचे भाव एका दिवसात पडले.

आता तो ०.४० टक्का प्रत्यक्षात हाती येतो का? पहिली अडचण विक्रीची. कमी उलाढालीच्या जुन्या रोख्यात घेणारा आणि विकणारा यांच्या भावात ४० पैशांचं अंतर असलं, तर परताव्यातून ०.३६ टक्का गेला. छोट्या रकमेच्या सौद्याला तर समोर घेणारा शोधावा लागतो. दुसरी अडचण कराची. कूपनवर तुमच्या स्लॅबप्रमाणे कर लागतो, पण ते ७७ पैसे भांडवली तोटा ठरतात आणि व्याजातून वजा करता येत नाहीत. इतर भांडवली नफा असेल तरच त्याविरुद्ध उपयोगी पडतात. ३० टक्के स्लॅबमध्ये, उपकर सोडून, लांबच्याचे हातात ४.७६ टक्के राहतात आणि तीन वर्षांच्याचे ४.६९. उरली ०.०७ ची आघाडी, तीसुद्धा ते भावातलं अंतर न धरता.

उपार्जित व्याजाबद्दल एक सांगतो, कारण मी स्वतः त्यात फसलो आहे. कूपनच्या तारखेनंतर दोन महिन्यांनी साडेआठवाला घेतला, तर विक्रेत्याचं साठ दिवसांचं व्याज, म्हणजे १.४२ रुपये, भावाशिवाय वेगळं मोजावं लागतं. स्क्रीनवर दिसणाऱ्या भावात ते नसतं. पहिल्या रोख्याच्या वेळी मी स्क्रीनवरच्या भावानेच भागलं आणि पहिलं पूर्ण कूपन आपलंच समजलो. परतावा घसघशीत निघाला म्हणून चार दिवस खूश होतो, मग खात्यातून गेलेल्या रकमेशी तो जुळेना. भागायचं ते खात्यातून गेलेल्या एकूण रकमेने. विकताना मात्र उपार्जित व्याज तुम्हाला मिळतं, ते बेरजेत धरायचं.

माझं मत: वर्षभराचाच विचार असेल आणि दर नक्की उतरणार यावर पैसे लावायचे नसतील, तर या दोघांत तीन वर्षांचा. दहा वर्षांचा तेव्हाच, जेव्हा वर्षाने भाव पडलेला दिसला तर आणखी काही वर्षं धरून ठेवायची मुभा आहे. तसं असेल तर मग कूपन न पाहता यील्ड आणि उलाढाल पाहून नवा, १०० च्या आसपास मिळणारा कागद घ्यावा.

मावसभावाला मी शेवटी एकच विचारलं, पैसे नक्की कशाला हवेत? लेकीची कॉलेजची फी, पुढच्या जूनमध्ये. मग दोन्ही रोखे बाजूला ठेवले. ३६४ दिवसांचं ट्रेझरी बिल कमी भावात मिळतं, मुदतीला पूर्ण १०० देतं, मध्ये यील्ड कुठेही गेला तरी. त्याचा यील्ड थोडा कमी होता, पण बिल संपण्याची तारीख फीच्या तारखेआधी दहा दिवस येत होती.