आजीसाठी नवीन फोन घ्यायचा का आधी ॲप अपडेट करून बघायचं?

घरात आजी-आजोबांचं व्हॉट्सअ‍ॅप अचानक बंद पडलं की साधारण दोन मतं निघतात, एक म्हणतो फोन जुना झाला आता नवीन घेऊन टाका, दुसरा म्हणतो थांबा जरा बघू. आमच्याकडे वाईला आजीच्या बाबतीत हेच झालं. स्क्रीनवर इंग्लिशमध्ये काहीतरी आलं आणि ॲप पुढे सरकेना. काकांनी दुकानात दाखवलं तर दुकानदार म्हणाला मॉडेल जुनं आहे, आता ह्यात चालणार नाही, बारा हजारापर्यंत चांगला बसेल. आजी पेन्शनमधून पैसे काढायला तयार पण झाली होती.

मी मेसेज वाचला तर त्यात एवढंच होतं की ह्या व्हर्जनची मुदत संपली, नवीन घ्या. फोन चालणार नाही असं कुठेच नव्हतं.

मग इतके महिने अपडेट झालं का नाही? तर प्ले स्टोअरमध्ये आपोआप अपडेटचं सेटिंग बहुतेक फोनमध्ये सुरुवातीपासून Over Wi-Fi only असंच असतं, आणि आजीच्या घरी वायफाय कधी नव्हताच, सगळं सिमच्या डेटावर. म्हणजे ते अपडेट होणारच नव्हतं. शहरात आपल्या लक्षातही येत नाही हे.

हाताने Update दाबलं तर जागा नाही म्हणाला. ॲपच उघडत नसल्यामुळे त्याच्या आतून साफसफाई करता येत नाही, म्हणून गॅलरीत जाऊन व्हॉट्सअ‍ॅपचे फॉरवर्ड आलेले व्हिडिओ आणि सुप्रभातचे फोटो काढले, पणतूचे सगळे ठेवले, आजी शेजारी बसून एकेक बघत होती. तरी जागा तेवढीच! कारण डिलीट केलेलं बऱ्याच फोनमध्ये साधारण 30 दिवस ट्रॅशमध्ये पडून राहतं आणि तेवढी जागा धरूनच ठेवतं. ट्रॅश रिकामा केला तेव्हा कुठे अपडेट उतरलं. सगळ्या चॅट जागच्या जागी. आजी म्हणाली, "म्हणजे फोनला काहीच झालं नव्हतं होय रे?"

आता नवीन फोनची बाजू. स्क्रीन मोठी, आवाज मोठा, बॅटरी टिकते, हे सगळं खरंच आहे आणि ज्यांना कमी दिसतं त्यांच्यासाठी महत्त्वाचंही आहे. पण माझं मत जिथे फिरलं ती गोष्ट म्हणजे जुन्या चॅट नवीन फोनवर नेणं. बॅकअप परत आणायला तोच नंबर तर लागतोच, पण ज्या गूगल अकाउंटवर तो बॅकअप गेलाय तेच अकाउंटही लागतं. आजीचं अकाउंट पहिला फोन घेतला तेव्हा दुकानातच कोणीतरी काढून दिलेलं, पासवर्ड कुणालाच माहीत नाही, रिकव्हरीला जो नंबर दिलाय तो कधीच बंद झालाय. अशा वेळी दुकानात नवीन अकाउंट काढून फोन हातात देतात, व्हॉट्सअ‍ॅप सुरू होतं, आणि आत सगळं रिकामं. दुसरा रस्ता आहे, दोन्ही फोन शेजारी ठेवून क्यूआर कोड स्कॅन करून चॅट हलवायच्या, पण त्यासाठी जुन्या फोनवर ॲप उघडायला हवं ना! म्हणजे नवीन फोन घेतला तरी आधी जुन्यावर अपडेट करावंच लागणार. मला तरी मग एवढी घाई करण्यात अर्थ दिसला नाही. शिवाय यूपीआय असेल तर नवीन फोनवर परत सिमवरून एसएमएस पाठवून नोंदणी, आणि तो जायला रिचार्जमध्ये एसएमएस शिल्लक लागतात.

तुम्ही कराल तेव्हा एक सांभाळा, घाईत ॲप अनइन्स्टॉल करू नका आणि क्लीअर डेटाही दाबू नका, बॅकअप नसेल तर चॅट जातील. अपडेट प्ले स्टोअरमधूनच घ्या, कुणी पाठवलेल्या लिंकवरून नको. आणि फोनची तारीख बरोबर आहे का तेही बघा, चुकून पुढची पडली असेल तरी मुदत संपली असंच दाखवतं.

काही वेळा मात्र फोन बदलावाच लागतो. अँड्रॉइड 4.4 वर व्हॉट्सअ‍ॅप 1 जानेवारी 2025 पासून बंद आहे, तिथे अपडेटचा उपयोग नाही. सेटिंग्जमध्ये About phone ला व्हर्जन दिसतं. प्ले स्टोअरनेच हे ॲप तुमच्या फोनसाठी नाही असं सांगितलं, किंवा बॅटरी फुगून मागचं कव्हर उचललं गेलं असेल, तर खुशाल नवीन घ्या.

आजीच्या फोनवर मी आपोआप अपडेट Over any network वर ठेवलंय, रोजचा डेटा तिला पुरून उरतो. आणि बॅकअपसाठी नवीन अकाउंट काढून त्याचा पासवर्ड तिच्या पेन्शनच्या फाइलमध्ये लिहून ठेवलाय.