पेनच्या बटणावरून अनडू काढा: ड्रॉइंग टॅबलेट आठ महिने वापरल्यावर

गेल्या महिन्यात माझ्या पेनचं खालचं बटण बिघडलं. पूर्ण बंद पडलं असतं तर निदान लगेच कळलं असतं. हे एकदा दाबलं की दोनदा लागायला लागलं, आणि मी त्याच बटणावर अनडू ठेवलेलं होतं. एक रेघ मागे घ्यायला जावं तर दोन जायच्या. पहिले चार-पाच दिवस मला वाटत होतं, आपणच जोरात दाबतोय.

प्रेशर, टिल्ट, पृष्ठभागाचा खरखरीतपणा यावर सगळीकडे भरपूर लिहिलेलं आहे. त्या बाबतीत माझी काही तक्रार नाही, टॅबलेट चांगला आहे. मला लिहायचंय ते पेनवरची दोन बटणं आणि टॅबलेटच्या डाव्या कडेच्या सहा एक्सप्रेस कीज, म्हणजे शॉर्टकटची बटणं, यांबद्दल. अनडू, ब्रशची साइज आणि इरेझर ही तीन कामं कुठे ठेवायची, हे ठरवताना मी चूक केली आणि ती सहा महिने चालू ठेवली.

सुरुवातीची मांडणी बरेच जण करतात तीच होती. पेनच्या खालच्या बटणावर `Ctrl+Z`, वरच्या बटणावर इरेझरसाठी `E`, आणि एक्सप्रेस कीजवर `[` आणि `]`, म्हणजे ब्रश लहान-मोठा. हिशेब साधा होता. अनडू सगळ्यात जास्त वेळा लागतं, मग ते बोटाच्या सगळ्यात जवळ हवं. पहिला महिना मी खूश होते. डावा हात मोकळा, चहाचा कप हातात, उजव्या हातानेच सगळं.

तिसऱ्या महिन्यात एका बगळ्याच्या चित्रावर काम करत होते. पंखाखालची सावली पूर्ण हॅचिंगने करायची होती, म्हणजे शेजारी शेजारी बारीक, भराभर ओढलेल्या रेघा. काम संपवून झूम आउट केलं तर सावली विरळ दिसली. मध्ये मध्ये फटी. मी त्या ओढल्या नव्हत्या असं होणं शक्यच नव्हतं, कारण हॅचिंगमध्ये हाताची लय असते, रेघ सुटली तर हाताला कळतं. पुन्हा भरल्या, पुन्हा तेच.

मग स्क्रीन रेकॉर्डिंग लावून वीस मिनिटं काम केलं आणि ते हळू करून पाहिलं. रेघा ओढल्या जात होत्या आणि मधूनच एखादी नाहीशी होत होती. वीस मिनिटांत अकरा वेळा. हॅचिंग करताना रेघेची दिशा बदलली की मी पेन बोटांत थोडा फिरवते. फिरवताना अंगठा बटणावरून सरकतो आणि पुसट दाब पडतो. तेवढा दाब अनडूला पुरतो.

यातली खरी हानी मला तेव्हा कळली. चुकून अनडू झालं तर रीडू करता येतं, असं आपण धरून चालतो. पण अनडूनंतर कॅनव्हासवर एक जरी नवी रेघ पडली, तरी मागे घेतलेली पायरी रीडूच्या यादीतून कायमची जाते. Krita मध्ये Undo History ची पट्टी उघडी ठेवून बघा. अनडू केल्यावर ती पायरी यादीत दिसत राहते, आणि पुढची रेघ ओढताक्षणी तिची जागा नवी पायरी घेते. Clip Studio Paint आणि Photoshop मध्येही नेहमीच्या सेटिंगला हेच होतं. हॅचिंगमध्ये दोन रेघांमधलं अंतर अर्ध्या सेकंदाचंही नसतं. म्हणजे चूक लक्षात येण्याआधीच ती दुरुस्त करायची वाट बंद झालेली असते.

तेव्हाच मांडणी बदलायला हवी होती. मी बदलली नाही. पकड सुधारायची ठरवली. पेन थोडा वर धरायला लागले, बटण बोटांच्या मधल्या बाजूला राहील असा फिरवून धरायला लागले. रेघा जाणं कमी झालं, पण मनगट दुखायला लागलं. सहा महिन्यांपर्यंत मी सगळ्यांना सांगत होते की पेनची बटणं चुकीच्या जागी बसवली आहेत. आता तसं म्हणणार नाही. बटणांची जागा ठीक आहे, त्यांना दिलेलं काम चुकीचं होतं.

सातव्या महिन्यात तो दोनदा लागण्याचा बिघाड आला. सेवा केंद्राला कळवलं. त्यांनी ड्रायव्हर काढून पुन्हा टाकायला सांगितला. टाकला. दुसऱ्या संगणकावर बघायला सांगितलं. बघितलं. यूएसबी पोर्ट बदलायला सांगितला, तोही बदलला. प्रत्येक पायरीनंतर दोन-तीन दिवस शांतता, आणि मग नवा माणूस पुन्हा पहिल्यापासून तेच प्रश्न विचारणार. शेवटी बिघाड नक्की कुठे आहे याचा पुरावा मीच तयार केला. ती चाचणी इथे देते, कारण ती कुठल्याही टॅबलेटवर चालते आणि पाच मिनिटांत होते.

ड्रायव्हरच्या सेटिंगमध्ये संशय असलेल्या बटणावर `Ctrl+Z` च्या जागी नुसतं `a` हे अक्षर ठेवा. साधा टेक्स्ट एडिटर उघडा. पेन पृष्ठभागाच्या जवळ धरा, पण टेकवू नका, आणि बटण मोजून पन्नास वेळा सावकाश दाबा. मग अक्षरं मोजा. माझ्या खालच्या बटणाने पन्नास दाबांत 61 अक्षरं दिली. तेच `a` वरच्या बटणावर ठेवलं तर बरोबर 50, आणि एक्सप्रेस कीवर ठेवलं तरी 50. ड्रायव्हर तोच, संगणक तोच, अक्षर तेच, फक्त बटण वेगळं. म्हणजे दोष त्या बटणाखालच्या बारीक स्विचचा. दाबल्यावर त्याचा संपर्क एकदा जुळून सुटतो आणि पुन्हा जुळतो, आणि ड्रायव्हर त्याला दोन दाब समजतो. बटण बदलूनही जास्तीची अक्षरं आली असती, तर मी ड्रायव्हरवर संशय घेतला असता.

हे सगळं व्हिडिओसकट पाठवल्यावर उत्तर आलं की बटणांची झीज वॉरंटीत बसत नाही, नवा पेन विकत घ्या. सात महिन्यांत झिजणारं बटण वॉरंटीत बसत नसेल, तर मग वॉरंटीत काय बसतं, हे मी लेखी विचारलंय. त्याला अजून उत्तर नाही. टोक उत्तम चालत असलेला पेन टाकून देऊन नवा घ्यायला माझं मन तयार नाही, आणि मी घेतलेलाही नाही.

त्याऐवजी मी बसून विचार केला की हे बटण चुकून लागलं, किंवा दोनदा लागलं, तर कोणत्या कामाचं किती नुकसान होतं. हा प्रश्न मी पहिल्या दिवशी विचारायला हवा होता. अनडूचं उत्तर वर दिलंच आहे, रेघ जाते आणि परत येत नाही. ब्रशच्या साइजचं नुकसान जवळजवळ शून्य. `]` दोनदा लागलं तर ब्रश एक पायरी जास्त मोठा होतो, कर्सरचं वर्तुळ ते लगेच दाखवतं, आणि चित्रातला एकही ठिपका हललेला नसतो.

इरेझरचं जरा गुंतागुंतीचं आहे. Krita मध्ये `E` हा टॉगल आहे. एकदा दाबलं की चालू ब्रशच खोडायला लागतो, पुन्हा दाबलं की रंगवायला लागतो. बटण दोनदा लागलं तर चालू होऊन लगेच बंद होतं, म्हणजे काहीच झालं नाही असं दिसतं. चुकून एकदाच लागलं तर त्याहून वाईट. रिकाम्या लेयरवर तुम्ही रेघा ओढत राहता आणि काही उमटतच नाही. नवशिके ब्रश बिघडला म्हणून तो पुन्हा बसवायला जातात, आणि वरच्या पट्टीत इरेझरचं बटण दाबलेलं असतं. Clip Studio Paint मध्ये `E` दाबून धरलं तर तेवढ्यापुरता इरेझर येतो आणि सोडल्यावर आधीचं साधन परत येतं. पेनच्या बटणासाठी मला हीच पद्धत योग्य वाटते, कारण हात सैल झाला की स्थिती आपोआप मूळपदावर येते. ब्रश कोणत्या अवस्थेत आहे हे लक्षात ठेवावं लागत नाही.

मात्र त्यासाठी ड्रायव्हरने बटण धरलेलं असेपर्यंत की दाबलेली ठेवली पाहिजे. काही सेटिंगमध्ये बटण कितीही वेळ धरलं तरी एकच टिचकी जाते. त्याचाही अंदाज त्याच टेक्स्ट एडिटरमध्ये येतो. बटण दाबून धरा. `aaaaaa` अशी रांग सुरू झाली तर धरून ठेवण्याची पद्धत बहुधा चालेल. एकच `a` येऊन थांबलं तर मात्र नक्की सांगता येत नाही, बटणावर `E` ठेवून थेट Clip Studio मध्येच धरून बघा.

आता माझी मांडणी अशी आहे. अनडू डाव्या कडेच्या सगळ्यात वरच्या एक्सप्रेस कीवर गेलं, आणि त्याच्या लगेच खाली रीडू, Krita साठी `Ctrl+Shift+Z` आणि Clip Studio साठी `Ctrl+Y`. ड्रायव्हरमध्ये प्रत्येक सॉफ्टवेअरसाठी वेगळं प्रोफाइल ठेवता येतं, ते यासाठी लागतंच. डावा हात रेघ ओढत नसल्यामुळे पेन फिरवताना तो काही चुकून दाबत नाही. पेनचं वरचं धड बटण Clip Studio मध्ये इरेझरसाठी आहे. खालच्या बिघडलेल्या बटणावर `]` आहे, आणि `[` एक्सप्रेस कीवर. ते अजूनही मधूनमधून दोनदा लागतं. ब्रश जरा जास्त मोठा होतो, मी एक पायरी खाली आणते, काम चालू राहतं.

अनडू कडेला नेल्याचा एक फायदा मी धरलेला नव्हता. या पेनमध्ये बॅटरी नाही. त्याला शक्ती टॅबलेटच्या पृष्ठभागाकडून मिळते, आणि ती साधारण एक सेंटीमीटर उंचीपर्यंतच पोचते. त्याहून वर उचलला की त्याची बटणं निर्जीव असतात. रेघ ओढून झाल्यावर मी चित्र बघायला हात मागे घेते, आणि ‘ही नको’ असं वाटतं ते नेमकं तेव्हाच. आधी त्या क्षणी बटण दाबलं तर काही व्हायचं नाही, मग पेन पुन्हा खाली न्यायचा, कधी टोक टेकायचं आणि एक ठिपका उमटायचा. आता पेन हवेत असतानाच डाव्या हाताने अनडू होतं.

चहाचा कप मात्र डाव्या हातातून गेला, आणि पहिले दोन आठवडे उजवा अंगठा सवयीने बटण शोधत होता. ब्रश उगाच मोठा व्हायचा तेव्हा मला कळायचं की आत्ता एक रेघ गेली असती. परवा बगळ्याचं तेच चित्र पुन्हा काढलं, पंखाखालची सावली एका बैठकीत भरली आणि झूम आउट केलं. एकही फट नव्हती. पेनची मूळ किंमत वसूल होईपर्यंत हाच वापरणार आहे, आणि सेवा केंद्राचं उत्तर आलं तर इथेच खाली लिहीन.