ट्रॅव्हल इन्शुरन्सच्या पानाचा नुसता फोटो बघून पैसे देऊ नका

रत्नागिरी, चिपळूण, खेडकडे घरटी एक पोरगा गल्फला असतो आणि आईवडील कधी ना कधी तिकडे जातातच, म्हणून हे लिहितोय. बाबा 66 वर्षांचे, भावाकडे शारजाला निघाले होते. आमच्याच बाजारपेठेतल्या एजंटने पॉलिसी काढली आणि व्हॉट्सॲपवर एका पानाचा फोटो टाकला, खाली मराठीत अर्थ लिहिला, "50 हजार डॉलरपर्यंत सगळा दवाखाना कव्हर, येताना बिलं आणा, क्लेम मी करतो". फोटोत 50,000 च्या आकड्यावर बारीक चांदणी होती. तिचा खुलासा पानाच्या तळाला होता आणि फोटो बरोब्बर तिथेच कापलेला.

तिकडे बाबांचं अपेंडिक्सचं ऑपरेशन झालं, बिल 8,200 डॉलर. कंपनीकडून अख्खी पीडीएफ मागवली तेव्हा कापलेली ओळ दिसली: 60 च्या वरच्या माणसाला रूमचे दिवसाला फक्त 800 डॉलर. रूम होती 1,200 ची, 4 दिवस, म्हणजे 1,600 डॉलर आमच्या खिशातून गेले, वर 100 डॉलर डिडक्टिबल, ते प्रत्येक क्लेममधून कापतातच. हातात आले 6,500. अशी लिमिट नसलेला प्लॅनही असतो, त्याचा हप्ता जास्त, आणि आम्हाला तोच दिलाय असं हा एजंट सांगत होता!

दुसरं जास्त भयंकर. बाबांच्या बीपीच्या गोळ्या चालू आहेत हे त्याला समोर बसून सांगितलेलं, तरी फॉर्ममध्ये जुन्या आजारापुढे त्याने "नाही" टाकलं. जुना आजार बहुतेक पॉलिसीत वगळलेला असतो, फार तर जिवावर बेतलं तर थोडं काही देतात, पण लपवला असं ठरलं तर अख्खा क्लेम नाकारू शकतात. आमचा त्यावरूनच अडवून ठेवला होता, डॉक्टरचं पत्र दिल्यावर सुटला.

आणि "येताना बिलं आणा" हे तर साफ खोटं. आमच्या पॉलिसीत ॲडमिट झाल्यापासून 24 तासांत असिस्टन्सच्या, म्हणजे कंपनीच्या मदत केंद्राच्या नंबरवर कळवायचं असं स्पष्ट आहे, तेच लोक हॉस्पिटलशी बोलतात. भावाने शेड्यूलवरचा, म्हणजे पॉलिसीच्या तपशिलाच्या पानावरचा नंबर बघून स्वतः फोन केला म्हणून निभावलं. नंतर क्लेम फॉर्म, डिस्चार्ज समरी, ओरिजिनल बिलं आणि पावत्या, पासपोर्टच्या शिक्क्यांची पानं आणि कॅन्सल चेक लागला.

पैसे देण्याआधी शेड्यूल आणि पॉलिसी वर्डिंग, म्हणजे सगळ्या अटींचं पुस्तक, दोन्ही पीडीएफमध्ये मागा. शेड्यूलवर यूआयएन म्हणजे त्या प्लॅनचा ओळख नंबर असतो, तोच वर्डिंगवर आहे का बघा, नाहीतर भलत्याच प्लॅनचे कागद हातात देतात. भरलेल्या फॉर्मची कॉपीही घ्या आणि आजाराचा रकाना स्वतः वाचा. तो कापलेला फोटो आणि खालचा मेसेज मी जपून ठेवलाय, कंपनीच्या तक्रार विभागाला दोन्ही पाठवलेत, 30 दिवसांत उत्तर नाही आलं किंवा पटलं नाही तर विमा लोकपालाकडे जाणार, तिथे फी लागत नाही आणि वकीलही लागत नाही.