क्षारपड रानात वर चढणारं पाणी मोजायचं कसं: सूत्र की क्लोराईडचा हिशेब?

शिरोळ-वाळव्याच्या काळ्या रानात पाणी मीटर-दीड मीटरवर आलं, की उन्हाळ्यात ते केशाकर्षणाने वर चढतं आणि मीठ मागे ठेवून उडून जातं. चर किती खोल घ्यायचा हे ठरवण्यासाठी रोज किती मिमी चढतं, हे माहीत हवं. पडीक रानापुरते दोन मार्ग पाहू.

पहिला गार्डनरचा. जमीन देऊ शकेल तो कमाल दर, भारी मातीसाठी n = 2 धरून:

```
q = 2.46 × a / L²
```

q म्हणजे रोजचा दर, सेंमीत. L म्हणजे भूजलापासून पृष्ठभागापर्यंतचं अंतर, सेंमीत. a आणि n हे मातीगणिक बदलणारे आकडे, आणि n हाच L चा घात. a = 610 आणि L = 100 असेल तर q येतो 0.15 सेंमी, म्हणजे रोज 1.5 मिमी. L दीडशे केला की 0.67 मिमी. हाच फरक चराची खोली ठरवतो. खर्च फक्त भूजलाची पातळी मोजायच्या नळीचा, म्हणजे पिझोमीटरचा, पण खरी अडचण n ची. हलक्या मातीत n = 4 असतो. दोन्हीकडे मीटरवर 1.5 मिमी धरलं, तरी दीड मीटरवर n = 4 ने 0.3 मिमीच उरतो. त्यामुळे a आणि n पुस्तकातून उचलू नयेत. भेगाही या सूत्रात नाहीत.

दुसरा क्लोराईडचा. फेब्रुवारीच्या सुरुवातीला आणि मेअखेरीस, त्याच जागी, 90 सेंमीपर्यंत 15 सेंमीच्या थरांचे नमुने घ्यायचे. वरची 2 सेंमी खपली वेगळी ठेवायची. ती खरवडून टाकली तर निम्मा हिशेबच हातातून जातो. वळीव पडायच्या आत दुसरी फेरी उरकली पाहिजे, नाहीतर मीठ खाली धुपतं आणि आकडा कमी येतो. मधे पाणी द्यायचं नाही. क्लोराईडच का, तर जिप्सम असलेल्या मातीत 1:2.5 अर्काची ईसी, म्हणजे विद्युत वाहकता, विरघळलेल्या जिप्समने फुगते.

समजा भूजलात 700 मिग्रॅ/लिटर क्लोराईड आहे. 1 मिमी म्हणजे हेक्टरी 10,000 लिटर, म्हणजे 7 किलो. 120 दिवसांत 1,050 किलो वाढलं, तर पाणी चढलं 150 मिमी, रोज 1.25. सूत्राचे 1.5 चुकले का? नाही, पाणी त्या काळात 100 वरून 120 सेंमीवर गेलं होतं. L = 110 घातला की 1.24 येतो.

भूजलाची ईसी 5 डेसीसायमन/मीटर, म्हणजे अंदाजे 3.2 ग्रॅम/लिटर असेल, तर हे 150 मिमी हेक्टरी 4.8 टन मीठ आणतात. वरच्या 60 सेंमीत (घनता 1.3, संपृक्तता 65%) ते पसरलं तर संपृक्त अर्काची ईसी दीडने वाढते. ऊस 1.7 पलीकडे दर एककाला साधारण 6% उत्पादन गमावतो.

नुसता चर आखायचा असेल तर सूत्र घ्या, पण L दर पंधरवड्याला मोजून. मीठ किती साचलं हे कळायचं असेल तर क्लोराईडला पर्याय नाही. मात्र त्याचा आकडा एका उन्हाळ्याने उशिरा मिळतो.