हळद-मिरीच्या कॅप्सूल, सहा महिन्यांनंतर: पाचातले तीन तारे का काढून घेतले

जुलैमध्ये मी याच कॅप्सूलना पाच तारे दिले होते. तेव्हा लिहिलेलं सगळं खोटं नव्हतं, पण अर्धवट होतं. ते वाचून कुणी घरातल्या म्हाताऱ्या माणसासाठी मागवल्या असतील, तर हे पुढचं जरूर वाचा.

एका कॅप्सूलमध्ये 500 मिलिग्रॅम हळदीचा अर्क आणि 10 मिलिग्रॅम काळ्या मिरीचा अर्क, दिवसाला दोन घ्यायच्या. मी सांगलीची. आमच्याकडे हळद पोत्याने बघायची सवय, त्यामुळे साठ कॅप्सूलना 699 रुपये मोजताना जिवावर आलं होतं. पण जिने चढताना गुडघा इतका दुखायचा की शेवटी मागवल्याच. दीड महिन्यात फरक पडला. सकाळचा ताठरपणा कमी झाला आणि भाजी घेऊन दोन मजले न थांबता चढायला लागले. पाच तारे दिले ते त्या भरात.

ऑगस्टच्या सुरुवातीला सहा बाटल्यांची ऑफर आली, 3,300 रुपयांत. बाटलीमागे जवळजवळ दीडशे रुपये वाचत होते, म्हणून घेतल्या. इतक्या घरात आल्याच आहेत तर बाबांनाही सुरू करू, त्यांचेही गुडघे गेलेत, असा विचार केला. बाबा 71 वर्षांचे. बारा-तेरा वर्षांपूर्वी स्कूटरवरून पडून डोक्याला मार लागला, त्यानंतर फिट्स यायला लागल्या. तेव्हापासून रोज रात्री फेनिटॉइन 300 मिलिग्रॅम चालू आहे आणि गेली आठ वर्षं एकही फिट नाही. हळद काय, घरातलीच गोष्ट. कुणाला विचारावंसं मला वाटलंच नाही.

गणपतीच्या दिवसांत बाबा चालताना पॅसेजच्या भिंतीला हात लावायला लागले. चहा बशीत सांडायचा. बोलताना शब्द ओढल्यासारखे यायचे आणि दुपारी जेवण झालं की खुर्चीतच डोळा लागायचा. आई म्हणाली, सणाची दगदग झाली असेल. विसर्जनाच्या दिवशी पाटावरची मूर्ती उचलताना ते एका बाजूला झुकले आणि भावाने धरलं म्हणून वाचले. आम्हाला वाटलं पॅरालिसिसचा झटका असेल. रात्रीच दवाखान्यात नेलं, सीटी स्कॅन झाला, त्यात नवीन काही निघालं नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांच्या नेहमीच्या डॉक्टरांनी बोट डोळ्यांसमोर धरून हळूहळू उजवीकडे नेलं. बाबांची नजर कडेला पोचली की बुबुळं धक्के खात परत यायची, पुन्हा कडेला जायची, पुन्हा परत. मी शेजारीच उभी होते, मला ते स्पष्ट दिसलं. डॉक्टर म्हणाले, "फेनिटॉइनची लेव्हल करा." वर्षापूर्वी ती 17 होती. 10 ते 20 मधली लेव्हल योग्य मानतात. आता आली 28.

"गोळ्या जास्त घेतल्या का?" नाही, आई डबीत मोजून ठेवते. "नवीन औषध? अँटिबायोटिक? अॅसिडिटीची गोळी?" नाही. त्यांनी अल्ब्युमिन आणि लिव्हरच्या चाचण्याही बघितल्या, त्या ठीक होत्या. मग विचारलं, "औषध नसलेलं काही?" तेव्हा मला ती बाटली आठवली. भावाने फोटो पाठवला. डॉक्टरांनी पुढचा फोटो बघितलाच नाही, मागचा मोठा करून बघितला आणि एका ओळीवर बोट ठेवलं: काळ्या मिरीचा अर्क, 95 टक्के पायपरीन. सगळं त्या बारीक अक्षरांच्या ओळीत होतं.

त्यांनी जे समजावलं आणि मग मी जे वाचलं, ते असं. हळदीतलं कर्क्युमिन नुसतं खाल्लं तर रक्तात जवळजवळ पोचतच नाही. आतडं आणि लिव्हर त्याला लगेच दुसरा एक रेणू चिकटवून बाहेर काढायच्या मार्गाला लावतात. 1998 मध्ये बंगळुरूच्या सेंट जॉन्स मेडिकल कॉलेजमधल्या संशोधकांनी माणसांना 2 ग्रॅम कर्क्युमिनबरोबर 20 मिलिग्रॅम पायपरीन दिलं आणि रक्तातलं प्रमाण वीस पट झालं. बाटलीवर ठळक छापलेलं '2000 टक्के' ते हेच. पण ती वीस पट वाढ जवळजवळ शून्यावरची होती, आणि फरक मुख्यतः पहिल्या तासाभरातला.

आता ही वाढ होते कशी? आतड्याच्या भिंतीत एक पंप असतो, पी-ग्लायकोप्रोटीन. आत शिरलेलं औषध तो पुन्हा आतड्यात फेकतो. त्याच भिंतीत आणि लिव्हरमध्ये औषधं मोडणारी एन्झाइम्स असतात, त्यातलं मोठं नाव CYP3A4. पायपरीन या पंपालाही अडवतं आणि एन्झाइम्सनाही. दारावरची तपासणी ढिली पडली की सगळंच आत येतं. हळदीला आत सोडायचं आणि बाबांच्या गोळीला अडवायचं, असा भेद मिरीला करता येत नाही. फेनिटॉइन, कार्बामाझेपिन, प्रोप्रॅनोलॉल आणि थिओफिलिन, या चार औषधांवर माणसांमध्ये प्रयोग झालेत. 20 मिलिग्रॅम पायपरीन दिल्यावर चौघांचंही रक्तातलं प्रमाण वाढलं. 20 मिलिग्रॅम म्हणजे या बाटलीतल्या दोन कॅप्सूल.

फेनिटॉइनच्या प्रयोगांतली वाढ तशी थोडीच होती. मग 17 चे 28 कसे झाले? ही गोष्ट मला सगळ्यात उशिरा कळली, आणि मला तीच सगळ्यात महत्त्वाची वाटते. बहुतेक औषधांत थोडं जास्त शोषलं गेलं तर रक्तात थोडंच वाढतं. फेनिटॉइनचं तसं नाही. ते मोडण्याची लिव्हरची रोजची क्षमता ठरलेली असते, आणि बाबांची क्षमता 17 वरच भरत आली होती. त्यावर रोज थोडं जरी जादा आत आलं तरी ते मोडलं जात नाही, साठत जातं. म्हणून पहिल्या आठवड्यात काही दिसलं नाही आणि पाचव्या आठवड्यात माणूस कलला. डॉक्टरांनी हेही स्पष्ट सांगितलं की कॅप्सूलमुळेच झालं असं शंभर टक्के सिद्ध करता येणार नाही. पण दुसरं काही बदललं नव्हतं. त्यांनी कॅप्सूल बंद केल्या, फेनिटॉइनचा एका रात्रीचा डोस थांबवला आणि पुढे नेहमीचा चालू ठेवला. बारा दिवसांनी लेव्हल 18 आली आणि बाबा भिंतीचा हात सोडून चालायला लागले.

इथे एक सांगते. असं काही दिसलं तर घाबरून फिटची गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नका, फिट येईल. आणि उलटाही धोका आहे. कॅप्सूल चालू असताना कुणी गोळीचा डोस कमी करून बसवला आणि नंतर कॅप्सूल संपल्या, तर लेव्हल खाली घसरते.

मिरीवर माझा राग नाही. जम्मूच्या सीएसआयआर प्रयोगशाळेत याच पायपरीनवर वर्षानुवर्षं काम झालं आणि त्यातून टीबीची एक कॅप्सूल आली. तिच्यात रिफॅम्पिसिन 450 ऐवजी 200 मिलिग्रॅम आणि सोबत 10 मिलिग्रॅम पायपरीन आहे. हे वाचून मी बराच वेळ विचार करत बसले. तिथे मिरी घातली म्हणून औषध निम्म्याहून कमी केलं, मोजून आणि तपासून. आमच्या घरात मिरी वाढली आणि औषध होतं तेवढंच राहिलं. फरक एवढाच.

आईने लगेच विचारलं, मग आमटीत मिरी घालायची नाही का? मी किचनच्या काट्यावर वीस दाणे ठेवले, 1 ग्रॅम भरले. मिरीत साधारण 5 टक्के पायपरीन धरलं तर त्यात 50 मिलिग्रॅम झालं. म्हणजे दोन कॅप्सूल म्हणजे आठ दाणे. आमच्या आमटीत पाच माणसांत मिळून चार-पाच दाणे पडतात, तेही रोज नाही, त्यामुळे आमटी चालू आहे. पण बाबा पावसाळ्यात दहा दाणे ठेचून रोज काढा घ्यायचे, तो मी बंद केला. मिरी घातलेल्या सुपाबरोबर फेनिटॉइन दिलं तेव्हाही रक्तातलं प्रमाण वाढल्याचं प्रयोगात दिसलंय.

कंपनीच्या हेल्पलाइनला तीन वेळा फोन केला. पहिल्यांदा उत्तर मिळालं, "मॅडम, हे शंभर टक्के नैसर्गिक आहे." दुसऱ्यांदा, "औषधात आणि कॅप्सूलमध्ये दोन तासांचं अंतर ठेवा." हा सल्ला चुकीचा आहे म्हणूनच इथे लिहिते. प्रोप्रॅनोलॉल आणि थिओफिलिनच्या प्रयोगात माणसांना सात दिवस रोज पायपरीन देऊन मग औषध दिलं होतं. एन्झाइम्सवर झालेला परिणाम दोन तासांत पुसला जात नाही. तिसऱ्यांदा मी एकच मागणी केली: जिथे 2000 टक्के छापता, तिथेच त्याच आकारात छापा की नियमित औषध चालू असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये. "फीडबॅक पुढे पाठवतो," म्हणाले. मागच्या आठवड्यात शेजारणीकडे नवीन बाटली आली. लेबल तेच आहे.

शेजारीण थायरॉइडची गोळी घेते, तिला मी डॉक्टरांकडे बाटली घेऊनच पाठवलं. ज्यांच्या घरी फिट्सचं, दम्यासाठी थिओफिलिनचं, हृदयासाठी डिगॉक्सिनचं किंवा किडनी बदलल्यानंतर टॅक्रोलिमस, सायक्लोस्पोरिनचं औषध चालू आहे, त्यांनी तर हे विचारल्याशिवाय उघडूच नये. शेवटची तीन औषधं त्याच पंपाच्या हातची आहेत, आणि त्यांचा डोस थोडा इकडेतिकडे झालेलाही चालत नाही.

आता माझं. मला दुसरं कुठलंही औषध चालू नाही आणि गुडघ्याला आराम आहे, म्हणून दोन तारे ठेवलेत. तरी मीही दोनवरून एकीवर आलेय. हळद-मिरीच्या अर्कांनी लिव्हरला इजा झाल्याच्या नोंदी अमेरिकेत झाल्यात आणि ऑस्ट्रेलियाच्या औषध नियामकाने 2023 मध्ये तसा इशाराही दिलाय. लघवी गडद झाली, डोळे पिवळे दिसले किंवा अंगाला खाज सुटली तर त्याच दिवशी बंद करायचं, हे मी ठरवून टाकलंय.

तीन सीलबंद बाटल्या परत पाठवल्या, 1,650 रुपये महिन्याने मिळाले. उघडलेली बाटली वरच्या फळीवर आहे. तिच्यावर मार्करने 'बाबांना नाही' असं मोठ्या अक्षरात लिहिलंय, 2000 टक्क्यांच्या बरोबर वर.